लघुकथा: शेवंताबाईंची काळी आमटी (चिंच आणि लोखंडी कढई)

गोदाकाठ

मंडळी, माझी बहीण झेडपी शाळेत शिकवते, तिच्याशी बोलता बोलता ही गोष्ट सुचली. शेवंताबाई नावाची कुणी बाई नाही, पण कढई, चिंच आणि आमटीचं जे होतं ते तसंच होतं, त्यात कल्पना नाही. वाचून सांगा, आणि रसायनाचं ज्यांना कळतं त्यांनी मोकळेपणाने बोला.

शाळेतलं जर्मनचं मोठं पातेलं बुडाशी गळायला लागलं म्हणून शेवंताबाईंनी मारुतीच्या देवळातली सप्त्याची लोखंडी कढई मागून आणली. पहिली ते पाचवी मिळून ऐंशी पोरं. पोरामागं वीस ग्रॅम डाळ, म्हणजे एक किलो सहाशे, त्याला पाव किलो चिंचेचा कोळ, गूळ, येसर, आणि सगळी मिळून दहा लिटरच्या आसपास आमटी. चूल बाहेर, पत्र्याखाली.

पहिले काही दिवस आमटी झकास झाली. मग एका दिवशी बाईंना मधेच अंगणवाडीत बोलावणं आलं आणि परत चुलीशी यायला उशीर होणार म्हणून त्यांनी डाळ अर्धी शिजलेली असतानाच चिंचेचा कोळ ओतून टाकला. आल्यावर बघतात तर डाळ बोटात टणक. लाकडं सारली, पाणी घातलं, तास गेला तरी डाळ काही मऊ होईना, आणि आमटीचा रंग मात्र बदलत चालला. तांबूस आमटी आधी मातकट झाली आणि मग काळपट. पळीभर चाखली तर जिभेवर दाताखाली खिळा धरल्यासारखी चव.

हेडमास्तर आले, बघितलं, म्हणाले, "मावशी, आमटी कळकली. पोरांना देऊ नका, ओता." त्या दिवशी पोरांनी मीठ-तेल लावून भात खाल्ला. "आणि ती कढई देवळात परत करा."

शेवंताबाईंना ओतलेल्या डाळीचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त तो शब्द लागला. कळकतं ते पितळ्यातलं, कल्हई उडालेल्या भांड्यातलं. ही तर लोखंडाची कढई. सप्त्याला तीनशे पानांची आमटी याच कढईत होते, तीही चिंचेचीच, ती कधी का काळी पडली नाही?

कढई घासताना त्यांना एक दिसलं. आमटी जिथपर्यंत होती तिथं आतून सरळ रेघ उमटली होती. रेघेच्या वर कढई होती तशी काळी, तुळतुळीत. रेघेच्या खाली राखाडी, उघडी, बोट फिरवलं तर खरखरीत. वर्षानुवर्षं तेलानं धरलेला काळा थर एका दुपारात निघून गेला होता. देवाचे तांब्या-पळी त्या चिंचेनंच घासत, तांब्यावरचं काळं चिंचेत उतरतं हे त्यांना माहीत होतं. मग कढईवरचं कुठं गेलं?

चौथीच्या मॅडमना त्यांनी हेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, आपण बघूच. शाळा सुटल्यावर चिंचेचा कोळ सारखा वाटून अर्धा स्टीलच्या पातेल्यात आणि अर्धा घरच्या छोट्या लोखंडी कढईत, दोन्ही अर्धा अर्धा तास उकळले. फडक्यातून गाळून काचेच्या दोन ग्लासात घेतले. कढईतलं पाणी जरा गडद होतं, पण चिंचच ती, तपकिरी असायचीच. मग मॅडमनी दोन्हीत कोऱ्या चहाचं दाट पाणी दोन दोन चमचे घातलं. स्टीलचा ग्लास चहाच्याच रंगाचा राहिला. कढईचा ग्लास आधी मळकट झाला आणि हवेवर ठेवल्यावर हळूहळू शाई व्हावी तसा काळा होत गेला.

"शाईच आहे ती," मॅडम म्हणाल्या. "पूर्वी पोथ्या लिहायला हिरडा आणि हिराकस एकत्र करायचे. हिराकसात लोखंड, हिरड्यात तुरटपणा. चहातही तोच तुरटपणा आहे. लोखंड नसेल तर काळं होत नाही."

"म्हणजे कढईच आमटीत उतरली."

"थोडीशी, मावशी. आंबटानं लोखंड विरघळतं आणि रसात राहतं. तुम्ही सप्त्याची आमटी सांगितली ना, तिथं आचारी चिंच कधी घालतात?"

"शेवटाला. डाळ घोटून झाली की. एक उकळी आली की लगेच बादल्यात काढून पंगतीला."

एवढं बोलल्यावर बाईंनाच उलगडलं. तिथं आंबटाची आणि लोखंडाची गाठ घटकाभर पडते. त्यांच्या आमटीत ती तास-दीड तास पडली होती, आणि डाळ शिजेना तीही त्याच आंबटामुळं.

घरी सून सहा महिन्यांची पोटुशी, रक्त नऊ. आशाताई रोज तांबडी गोळी घ्यायला सांगत होत्या आणि ती लोहाचीच, हे बाईंना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरच्या कढईत चिंचेचं सार चांगलं तासभर उकळलं. सुनेनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आत्या, हे नाही जात हो मला. गोळी जाईल, पण हे नाही." बाईंनी सार ओतलं नाही, त्यात साधं वरण वाढवून चव मारली आणि दोघींनी खाल्लं. गोळी बंद करायची नाही हे आशाताईंनी दारात उभं राहून दोनदा बजावलं.

मग बाईंची रीत बसली. डाळ वेगळ्या भांड्यात शिजवायची. कढईत फोडणी, येसर, गूळ आणि चिंचेचा कोळ, एवढंच पंधरा-वीस मिनिटं उकळू द्यायचं, मग घोटलेली डाळ घालून दोन उकळ्या, आणि लगेच स्टीलच्या डब्यात. रंग नेहमीपेक्षा एक छटा गडद येतो, चव बिघडत नाही. हेडमास्तरांनी दोन ग्लास बघितले, आमटी चाखली, आणि कढई राहू दिली, एका अटीवर: मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत ती रिकामी आणि कोरडी दिसली पाहिजे.

---

सुगरण_सातारा

खूप आवडली. रेघेचं निरीक्षण तर अगदी खरंय, माझ्या कढईला टोमॅटोच्या रस्श्यानंतर अशीच रेघ पडते. एक भर घालते, चिंचेत व्हिटॅमिन सी भरपूर असतं, ते लोखंड ओढून घेतं आणि अंगालाही लागू देतं, म्हणून चिंच आणि लोखंड ही जोडी जुन्या बायकांनी मुद्दाम जमवली असणार.

रेणूबंध

अन्नतंत्रज्ञान शिकवतो म्हणून लिहितो. सुगरणताई, निम्मं बरोबर आहे. व्हिटॅमिन सी लोह अंगी लागायला मदत करतं हे खरं, पण चिंचेत ते फार थोडं असतं, आणि उकळल्यावर त्यातलंही जातं. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. आपल्या नेहमीच्या आंबट जिनसांत चिंच चांगलीच जहाल आहे.

आता होतं काय, तर आम्ल लोखंडाला भिडलं की लोखंडाचे कण विरघळून रसात येतात आणि थोडा हायड्रोजन वायू निघून जातो, उकळत्या आमटीत तो कुणाला दिसत नाही. पण गंमत पुढं आहे. नुसतं पाणी कढईत ठेवलं तरी लोखंड सुटतं, फक्त ते गंज होऊन तळाशी बसतं. टार्टारिक आम्ल त्या सुटलेल्या लोखंडाला धरून ठेवतं, गंज होऊ देत नाही, म्हणून ते रसातच राहतं आणि ताटात येतं. चिंच दोन कामं करते, काढायचं आणि धरून ठेवायचं.

मोजमाप हवं असेल तर 1986 साली अमेरिकेत बरेच पदार्थ बिडाच्या भांड्यात आणि दुसऱ्या भांड्यात शिजवून लोह मोजलं होतं. टोमॅटोचा स्पॅगेटी सॉस 100 ग्रॅममागं 0.6 मिलिग्रॅमवरून 5.8 च्या आसपास गेला, सफरचंदाचा गर 0.35 वरून 7 च्या वर. आंबट नसलेल्या, कोरड्या, पटकन होणाऱ्या पदार्थांत वाढ किरकोळ होती. म्हणजे आंबटपणा, पाणी आणि वेळ. भांडं नवं असेल तर अजून जास्त, कारण तेलाचा थर बसलेला नसतो. बाईंच्या कढईला पहिले काही दिवस काही झालं नाही त्याचं एक कारण तो थरच, आणि एकदा तो गेल्यावर पुढच्या आमटीत जास्त लोखंड येणार हे कथेत आलं नाहीये, ते हवं होतं.

पेठेतले_आजोबा

आमच्याकडे आईच्या वेळचं पितळेचं पातेलं आहे, त्यात चिंचेची आमटी करावी की नाही? कल्हईवाला आता येत नाही.

गोदाकाठ

आजोबा, धागा लोखंडाचा आहे, पण विचारलंत म्हणून सांगते, कल्हई नसेल तर पितळ्यात आंबट काहीच करू नका. त्यात तांबं उतरतं आणि त्यानं उलट्या, पोटात कळा येतात. हेडमास्तर घाबरले ते याच आठवणीनं, आणि त्यांचं घाबरणं योग्यच होतं. लोखंडाचं तसं नाही, पण रंग दोन्हीकडे बिघडतो म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

पेठेतले_आजोबा

बरं. मग कल्हई करूनच वापरतो.

मिलिंग_मशीन

मी मेकॅनिकलवाला, मला एकच प्रश्न पडला, कढई झिजून संपेल का? हिशोब मांडला. धरून चला की आमटीत 100 ग्रॅममागं 2 मिलिग्रॅम लोह वाढलं, हा आकडा मी गृहीत धरलाय, मोजलेला नाही. दहा किलो आमटीत झाले 200 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. वर्षात दोनशे दिवस शाळा धरली तरी 40 ग्रॅम. आठ किलोच्या कढईला हे काहीच नाही, नातवंडं वापरतील. आणि पोराच्या ताटात सव्वाशे ग्रॅम आमटी गेली तर अडीच मिलिग्रॅम. छोट्या पोराला ही चांगली भर म्हणायची का?

रेणूबंध

हिशोब चोख. मात्र अडीच ताटात आले म्हणजे अडीच रक्तात गेले नाहीत. आपल्या डाळ-भात-भाकरीच्या जेवणात शंभरातले पाच ते दहा भाग लागू पडले तर पुष्कळ, बाकी बाहेर. म्हणून तर आपल्याकडे बाईला रोज 29 मिलिग्रॅमची शिफारस आहे, शरीराला प्रत्यक्षात लागतं त्याच्या कितीतरी पट. आणि एक बारीक मुद्दा, मोठ्या कढईत आमटी खूप आणि तिला लागणारी लोखंडाची बाजू त्या मानानं कमी. लिटरभर साराच्या घरगुती कढईशी तुलना केली तर दहा लिटरच्या कढईत दर लिटरमागं साधारण निम्मंच लोखंड भिडतं. मग तितक्याच वेळात उतरणार पण कमी. शाळेच्या कढईवरून घरचा अंदाज बांधू नये आणि उलटही.

एक_आई_अकोला

माझा अनुभव लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. माझं हिमोग्लोबिन कायम नऊ-साडेनऊ. कुणीतरी सांगितलं म्हणून सगळं लोखंडी कढईत करायला लागले, भाजी, कढी, चिंचेचं सार, अगदी तवाही बिडाचा आणला, गूळ-शेंगदाणे, खजूर सगळं चालू, पण आकडा जागचा हलेना, उलट मीच मनाला लावून घेतलं की आपलंच काही चुकतंय. शेवटी एका डॉक्टर बाईंनी वेगळी तपासणी करायला लावली तेव्हा कळलं की मला थॅलेसेमिया मायनर आहे, लोह माझ्या अंगात पुरेसं होतंच. तेव्हा रक्त कमी म्हणजे लोहच कमी असं धरून बसू नका.

रेणूबंध

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलं. कंबोडियात नेमकं हेच झालं. तिथं बायकांना लोखंडाचा छोटा मासा दिला होता, पाण्यात लिंबाचे थेंब टाकून तो दहा मिनिटं उकळायचा आणि त्या पाण्यात स्वयंपाक करायचा. सुरुवातीला आशा वाटली, पण नंतरच्या मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला नाही, कारण तिथल्या बऱ्याच जणींचा अ‍ॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा नव्हताच, आनुवंशिक होता. आपल्याकडं विदर्भात, नंदुरबारकडं सिकलसेल आहे, तिथंही हा विचार आधी करायला हवा. ज्यांना थॅलेसेमिया मेजर आहे आणि वरचेवर रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठतं, त्यांच्या घरात लोखंडी कढईत आंबट शिजवायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

स्पष्टवक्ता

मग सरळ सांगा ना, फायदा होतो की नाही? एकीकडं दहापट वाढ म्हणायचं आणि दुसरीकडं फरक पडला नाही म्हणायचं. कढईतलं लोखंड म्हणजे धातू, अन्नातलं लोह वेगळं, शरीर ते घेतच नाही असं मी ऐकलंय.

रेणूबंध

धातूचा कण जसाच्या तसा गिळला तर कमी लागू पडतो, बरोबर. पण आमटीत धातू नसतो, विरघळलेलं लोह असतं, आणि त्याची वाट डाळी-पालेभाजीतल्या लोहाचीच. फायद्याचं म्हणाल तर इथिओपियात लहान मुलांच्या घरी काहींना लोखंडी आणि काहींना अ‍ॅल्युमिनियमची भांडी देऊन वर्षभर बघितलं, 1999 साली ते छापून आलं. लोखंडी भांड्यांच्या घरातल्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी 1.7 ग्रॅमनं वाढलं, अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचं 0.4 नं. म्हणजे जिथं लोहच कमी आहे तिथं फरक पडू शकतो, जिथं कारण दुसरं आहे तिथं कढई काय करणार. मी दोन्ही गोष्टी सांगतोय कारण दोन्ही झाल्यात.

स्पष्टवक्ता

इथिओपियातली मुलं चिंच खात होती का?

रेणूबंध

चिंचेचा संबंध तिथं नव्हता, भांड्यांचा होता. चिंचेच्या आमटीवर आपल्याकडच्या मुलांत तसंच वर्षभर बघितल्याशिवाय तोच आकडा इथं चिकटवणं मला पटणार नाही.

बे_एरिया_वैशाली

इथं कास्ट आयर्न स्किलेटचे ग्रुप आहेत, तिथं टोमॅटो-चिंच घातली म्हटलं की लोक अंगावर येतात, सीझनिंग जातं म्हणून. मला कथा वाचून कळलं की सीझनिंग जातं तेव्हाच लोह येतं, म्हणजे त्यांना जे नकोय तेच आपल्याला हवंय. पण मग मी काय करू, दर वेळी तेल लावून तापवू की नको?

सुगरण_सातारा

मी दोन कढया ठेवल्यात. एक फोडणी-थालीपीठ-परतायच्या भाज्यांची, तिला आंबट कधी लावत नाही, ती काळी तुळतुळीत आहे. दुसरी छोटी, सारा-कढीची, ती कायम राखाडीच असते, वापरून झाली की लगेच धुऊन गॅसवर कोरडी करते आणि तेलाचं बोट फिरवते, नाहीतर सकाळपर्यंत तांबडी. गंज दिसला तर आधी घासून काढा, तसाच स्वयंपाक करू नका. आणि रेणूबंध, व्हिटॅमिन सीचं कळलं, आता चिंचेच्या सारावरही वाढताना लिंबू पिळत जाईन.

रेणूबंध

वाढताना हे एकदम बरोबर, उकळताना नको. आणि जेवणाला लागून चहा टाळा. मॅडमच्या ग्लासात चहानं जे केलं ते पोटातही होतं, तुरट भाग लोहाला धरून बसतो आणि ते लागू पडत नाही. जेवण आणि चहात तास-दीड तास जाऊ द्या.

मिलिंग_मशीन

बाजारात हल्ली काळ्या रंगाच्या "लोखंडी" कढया मिळतात, त्यातल्या काहींना आतून कोटिंग असतं. त्यात चिंच उकळून लोह येणार नाही. चुंबक चिकटला म्हणजे झालं असं नाही, कोटिंगखालीही लोखंडच असतं. साधी कढई पाण्यात रात्रभर ठेवली तर गंजते, कोटिंगवाली गंजत नाही, ही माझी परीक्षा.

माजलगावकर

आमच्या गावात सप्त्याची आमटी करतात त्या आचाऱ्यांना ही कथा वाचून दाखवली. ते म्हणाले चिंच शेवटी घालतात ती डाळ शिजावी म्हणून, रंगासाठी नाही, आणि काळी आमटी त्यांनीही एकदा पाहिलीय, पंगत लांबली आणि कढईतच राहिली तेव्हा. त्यांचा प्रश्न असा की आमटी कढईतच थंड होत राहिली, जाळ बंद असला, तरी लोखंड सुटत राहतं का?

गोदाकाठ

सुटतं, गरम असताना जास्त भरभर, थंड झाल्यावर सावकाश, पण थांबत नाही. म्हणून तर हेडमास्तरांची अट घंटेच्या आधी कढई रिकामी करायची. रेणूबंध यांनी थराचं जे लिहिलं ते मी कथेत घालतेय, दुसऱ्या दिवशीची आमटी लवकर गडद झाली आणि बाईंनी उकळायचा वेळ कमी केला असं. किती कमी करायचा हे मात्र मला नीट ठरवता येईना, बहीण म्हणते दहा मिनिटं, मला वाटतं चव बघत बघतच ठरवावं लागेल.

एक_आई_अकोला

चव बघतच ठरवू दे बाईंना. आणि सुनेची रक्ताची पुढची तपासणी कथेत घाल, आकडा वाढला असं लिहू नकोस पण तपासणी होऊ दे.